लाल बटण आधी की धडक आधी

जळालेला स्टार्टर पिशवीत घालून दुकानात येणाऱ्या माणसाचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं. "म्या काहीच केलं न्हाई बाई, आपोआप जळला." वीस वर्षं होत आली मला हे ऐकून. जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत माझं पॅनलचं दुकान आहे. विहिरीवरच्या मोटारीचे स्टार्टर दुरुस्त करते, आणि सिमकार्डवाले स्टार्टर स्वतः बनवते. शेतकरी घरी बसून मेसेज पाठवतो आणि तिकडं शेतात मोटार चालू होते, बंद होते. ह्या धंद्यानं मला दोन गोष्टी शिकवल्या. एक, पाठवलेला हुकूम कधी हरवता कामा नये. 'बंद' हरवलं तर मोटार कोरडी फिरून जळते. दुसरी, गिऱ्हाईक खोटं बोलतं. पॅनल उघडलं की आत कुणीतरी फ्यूजच्या जागी तार बांधलेली असते, आणि बांधणारा समोर उभा राहून शपथा खात असतो.

हा माझा स्वभाव आधीपासून असा होता की दुकानानं केला, मला सांगता येणार नाही. घरात दूध उतू गेलं तरी मी आधी कोण कुठं उभं होतं ते विचारते.

तर, चाचा. आमच्या भागातल्या मोसंबीच्या बागांमध्ये तीस वर्षं फवारणी केलेला माणूस. पाठीवर पंप, तोंडाला धुतलेलं धोतर गुंडाळलेलं, आणि वारा कुठून येतोय ते कानाच्या पाळीवरून सांगायचे. त्यांच्या पंपाची बॅटरी मीच बदलून द्यायची, तेव्हापासूनची ओळख. मागच्या साली एका बागेत फवारता फवारता ते खाली कोसळले. दवाखान्यातून वाचून आले, पण डॉक्टरनं सांगितलं, यापुढं औषधाच्या वासातसुद्धा उभं राहायचं नाही. दुकानात येऊन स्टुलावर बसले आणि दोन्ही हात पुढं करून म्हणाले, "बेटी, हात बराबर हैत अजून. छाती तेवढी गेली."

त्याच दिवसांत कुंभार पिंपळगावच्या पलीकडचे एक बागवाले माझ्या मागं लागले होते. बाग जुनी, दाट, फांद्या खाली टेकलेल्या. ट्रॅक्टर आत शिरत नाही आणि पाठीवर पंप घेऊन जायला माणूस मिळत नाही. त्यांना चार चाकांची, बॅटरीवरची फवारणीची गाडी हवी होती. रिमोट घेऊन बांधावर उभं राहून चालवायची म्हटलं तर फवारा चालवणाऱ्याच्या अंगावरच येतो. म्हणून मी म्हटलं, गाडीवर कॅमेरा लावू, सिमकार्ड लावू, आणि चालवणारा माणूस जालन्याला माझ्या दुकानात जॉयस्टिक धरून बसेल. आणि तो माणूस चाचा असतील. कुठल्या झाडाला किती वेळ फवारा द्यायचा हे मला थोडंच कळतं?

बागवाल्यांची अट साफ होती. तीन दिवस नुसतं पाणी भरून गाडी चालवून दाखवायची. नीट चालली तर पूर्ण हंगाम चाचांना कामावर ठेवतो, नाहीतर गाडीही नको आणि चाचाही नकोत. चाचांना दुसरं काम कोण देणार होतं? तीस वर्षं त्यांनी दुसरं काही केलंच नव्हतं.

गाडी तयार झाली तेव्हा दिसायला हमालाच्या हातगाडीसारखी होती. मागं टाकी, बाजूंना नळ्या, पुढं कॅमेरा, आणि उंच दांडीवर अँटेना. पहिल्यांदा मी व्हिडिओ दाखवणारा साधा तयार प्रोग्राम वापरला. चित्र कसं छान, गुळगुळीत! आणि दोन-अडीच सेकंद मागं. हे प्रोग्राम चित्र अडखळू नये म्हणून आधी थोडं साठवतात, मग दाखवतात. बघायला बरं, चालवायला घातक. पडद्यावर झाड दिसेपर्यंत गाडी झाडाला लागलेली असायची. मग मी साठवणंच बंद केलं. चित्र लहान केलं, प्रत्येक चित्र दाबून बारीक करून निघालं की लगेच पाठवायचं, आणि वाटेत एखादा तुकडा हरवला तर परत मागायचा नाही, पुढचा घ्यायचा. चित्र मधूनच फाटल्यासारखं दिसायचं पण लगेच सावरायचं.

उशीर किती हे मोजायची माझी पद्धत देशी होती. गाडीच्या कॅमेऱ्यापुढं मोबाईलवर स्टॉपवॉच चालू ठेवायचं, शेजारी दुकानातला पडदा ठेवायचा, आणि दोन्हींचा मिळून एक फोटो काढायचा. मोबाईलवरच्या आकड्यातून पडद्यावरचा आकडा वजा केला की खरा उशीर कळतो. प्रोग्राम स्वतःहून जो आकडा सांगतो त्याच्यावर मी बिलकुल विश्वास ठेवत नाही. तो फक्त वाटेतला वेळ सांगतो. कॅमेऱ्यात आणि पडद्यात गेलेला वेळ गिळून टाकतो.

दुकानात दोन्ही बाजू एकाच वायफायवर होत्या तेव्हा सगळं मस्त. सिमकार्डं घातली आणि उशीर पाऊण सेकंदावर गेला. मला वाटलं सिम विकणाऱ्यानं फसवलं. दुसरं सिम आणलं, तेच. मग शोधत गेले तेव्हा कळलं की मोबाईलच्या इंटरनेटवर आपल्या सिमला स्वतःचा असा पत्ता नसतो. कंपनीच्या एका पत्त्याआड हजारो ग्राहक बसलेले. दोन सिमांना थेट एकमेकांचं दार सापडत नाही, म्हणून मध्ये एक सर्व्हर लागतो, आणि मी घेतलेला सर्व्हर परदेशात होता. घनसावंगी तालुक्यातलं झाड समुद्रापार जाऊन जालन्यात येत होतं! मुंबईतला सर्व्हर घेतला, तसा उशीर पाव सेकंदाच्या जरा वर आला. माणसाच्या चालीनं चालणाऱ्या गाडीला तेवढं पुरतं.

हुकुमांचं मात्र मी माझ्या पद्धतीनं केलं. जॉयस्टिक सेकंदाला वीस वेळा सांगते: पुढं, पुढं, डावीकडं, थांब. प्रत्येक हुकुमाला नंबर. गाडीनं प्रत्येकाची पोच द्यायची, पोच आली नाही तर परत पाठवायचा, आणि गाडीनं एकेक करून, नंबरानं, सगळे पाळायचे. एकही गळता कामा नये. आणि अर्धा सेकंद काहीच आलं नाही तर गाडीनं स्वतःहून ब्रेक लावायचा. टेबलावर वेगळं मोठं लाल बटण बसवलं, ते दाबलं की गाडी जागच्या जागी उभी. माझ्या स्टार्टरसारखं पक्कं काम. मी स्वतःवर खूश होते.

पहिल्या दिवशी गाडी टेंपोत घालून बागेत पोचवली. तिथं उतरवायला आणि पाणी भरायला बागवाल्यांचा सालगडी होता. त्यानं गाडीकडं असं पाहिलं, जशी काही घरात सवत आलीय. बांधावर जमलेल्यांपैकी एक म्हणाला, "कॅमेरा लावून जमीन मोजून राह्यले काय?" बागवाल्यांनाही तीच शंका, त्यांनी मला फोनवर दोनदा विचारलं की हे चित्र आणखी कुणाला दिसतं का. आणि मला शंका की हे माझी गाडी उघडून दुसऱ्याकडून तशीच बनवून घेतील. म्हणून मी आतल्या पेटीच्या स्क्रूंवर लाखेचे थेंब टाकून ठेवले होते. सगळ्यांचा सगळ्यांवर संशय. एकटे चाचा तेवढे चहा पिऊन खुशीत जॉयस्टिकवर बसले.

सकाळभर गाडी सुरेख चालली. चाचांनी अंगठ्या-बोटांत जॉयस्टिकची काडी धरली होती, सुई धरावी तशी. ओळीच्या शेवटी वळण असं घ्यायचे की खालची फांदीसुद्धा हलत नव्हती. जेवल्यावर मात्र म्हणाले, "बेटी, जरा उशिरा ऐकून राह्यली बघ." गाडी लांब, स्टॉपवॉच लावता येईना, म्हणून मी पडद्यावरचा प्रोग्रामचा आकडा पाहिला, सकाळी होता तोच. सालगड्याला फोन करून गाडी बंद करून चालू करायला लावली. आमच्या धंद्यातला पहिला उपाय. मग मी स्वतः काडी हातात घेतली. गाडी लगेच ऐकत होती. "काय चाचा! नीट तर आहे."

"आता हाय बेटी. मघा न्हवती."

आणि तिथं माझ्या मनात पाल चुकचुकली. मी काहीच केलं न्हाई, आपोआप झालं. हे वाक्य मी ओळखते.

दुसऱ्या दिवशी तसंच. सकाळी ठीक, दुपारी बिघाड. दुपारीच का? जेवण झाल्यावर का? मला वाटलं, म्हातारा पेंगतो आणि गाडीवर ढकलतो. संध्याकाळी निघताना चाचा मला समजावून सांगायला लागले. त्यांच्या तरुणपणी घरी बैल होते. "बैलाला वळ म्हटलं की बैल लगेच वळत न्हाई. पण तो रोज तेवढ्याच उशिरानं वळतो. मंग आपण आधी सांगायचं. ही गाडी तशी न्हाई बेटी. ही सकाळी आत्ताचं ऐकते, दुपारी मागचं ऐकते. मी थांब म्हणतो, ती मघाचं चल ऐकून राह्यलेली असती."

मी "हो, बघते" म्हटलं. मनात म्हटलं, आता बैल आला. केवढं मोठं ज्ञान त्या माणसानं माझ्या पदरात टाकलं होतं, आणि मी ते झटकून उठले. आजही आठवलं की स्वतःच्या थोबाडीत द्यावीशी वाटते.

झटकून उठले आणि काय केलं? माझा जुना मोबाईल घेतला, मागच्या फळीवर कथलाच्या तारेच्या रिळांआड असा लावला की चाचांचे हात, लाल बटण आणि समोरचा पडदा तिन्ही त्यात दिसावेत, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी रेकॉर्डिंग सुरू करून ठेवलं. चाचांना सांगितलं नाही. पेंगताना पकडायचे होते ना!

तिसऱ्या दिवशी दुपारी तीनच्या सुमाराला मी पुढं गिऱ्हाइकाशी बोलत होते. आतून चाचा ओरडले, "रुक! रुक!" मी धावत गेले तोवर पडदा हादरून स्थिर झाला होता. ओळीच्या टोकाला ठिबकचा मोठा फिल्टर होता, गाडी थेट त्याच्यात घुसली होती. पाण्याचं कारंजं उडत होतं. सालगडी तिथंच पाइप धरून उभा होता, त्यानं बाजूला उडी मारली म्हणून वाचला. कोपर तेवढं सोललं. फोन घणघणला. बागवाले तिकडं स्वतः उभे होते.

"माझा माणूस मेला असता बाई! कोण चालवून राह्यलं होतं?"

चाचा उभे राहिले होते. "म्या काडी सोडल्ती. लाल बी दाबलं. तरी गेली गाडी. म्या काहीच—"

"काहीच केलं नाही, माहीत आहे मला," मी म्हटलं. फोन चालू होता, बागवाले ऐकत होते, दारात गिऱ्हाईक उभं होतं. मी गाडीची नोंद पडद्यावर काढली. कुठला हुकूम कधी पाळला, हे गाडी लिहून ठेवते. धक्का लागल्याची वेळ वर, आणि लाल बटणाची तिच्याखाली. धडक आधी, बटण नंतर. "हे बघा. गाडी धडकल्यावर तुम्ही बटण दाबलंत. मशीन खोटं बोलत नाही चाचा. डोळा लागला होता, तर तसं सांगा. म्हाताऱ्या वयात खोटं तरी बोलू नका."

हो. असंच म्हटलं मी. शब्दन् शब्द आठवतो.

चाचांनी माझ्याकडं पाहिलं, मग पडद्याकडं. खुंटीवरची टोपी घेतली. "ठीक हाय म्याडम," म्हणाले आणि निघून गेले. त्याआधी कधी मला त्यांनी म्याडम म्हटलं नव्हतं.

बागवाल्यांनी फोनवरच निकाल दिला: चाचा नकोत. गाडीचं काय ते दोन दिवसांनी सांगतो. मी रागानं फणफणत होते. चाचांच्या पेंगण्यानं माझी वर्षभराची मेहनत पाण्यात गेली, आता निदान गाडीचा दोष नाही हे पुराव्यानिशी दाखवू, म्हणून मी फळीवरचा मोबाईल काढला आणि रेकॉर्डिंग लावलं. त्यांना वाचवायला नाही. त्यांना पुरतं अडकवायला.

तीनच्या जरा आधीचं. चाचा सरळ बसलेले, मान ताठ. गाडी ओळीतून चाललेली. पडद्यावर फिल्टर अजून लांब, वाटीएवढा दिसतोय. चाचांनी काडी सोडली. गाडी चालतीच आहे. त्यांनी लाल बटण दाबलं, मग तळहातानं दणादण मारलं, मग दोन्ही हात वर उचलले. वर. हवेत. टेबलावर काहीच धरलेलं नाही. आणि गाडी चालतेय. मी तोंडानं मोजलं. एक, दोन, तीन, चार. आणि मग पडदा हादरला.

पाच-सहा वेळा तेच पाहिलं. बटण आधी होतं. धडक नंतर. मग गाडीनं उलटं का लिहिलं?

कारण गाडी हुकूम *पाळल्याची* वेळ लिहीत होती. दिल्याची नाही. आणि दिलेला हुकूम चार सेकंद कुठं होता? रांगेत उभा होता. माझ्याच रांगेत.

एकदा हे दिसलं आणि सगळं उलगडलं. बागेत मोबाईलचं नेटवर्क दिवसातून काही वेळा अर्धा सेकंद, एक सेकंद अडतं. अडलं की गाडी ब्रेक लावून थांबते, हुकूम पाळणंही थांबवते, इथपर्यंत ठीक. पण त्या वेळात चाचांच्या हातून निघालेले हुकूम हरवू नयेत अशी सोय मी केली होती. नेटवर्क परत आलं की ते सगळे एकदम गाडीपाशी पोचायचे, आणि गाडी ते एकेक करून, सेकंदाला वीस, इमानेइतबारे पाळायची. नवे हुकूमही सेकंदाला वीसच येणार. म्हणजे रांग कधी संपणारच नाही. एक सेकंद अडलं की गाडी कायमची एक सेकंद मागं. परत अडलं की आणखी मागं. सकाळी ठीक, दुपारी चार सेकंद मागं. लाल बटण त्याच रांगेत, सगळ्यांच्या शेवटी. अर्ध्या सेकंदाचा ब्रेक लागणार कसा? हुकूम तर येतच होते, शिळे. चित्र वेगळ्या वाटेनं येत होतं, ते ताजंच होतं, म्हणून पडद्यावरचा आकडाही चांगलाच दिसायचा. आणि मी काय करायची? आधी बंद करून चालू. रांग रिकामी! मग स्वतः चालवून बघायची आणि चाचांना खोटं ठरवायची.

मागचं ऐकते, असं त्यांनी सांगितलं होतं. बैलाचा दाखला देऊन सांगितलं होतं.

तरी माझा स्वभाव बघा, रेकॉर्डिंगवरही मी पूर्ण विश्वास ठेवला नाही. दुसऱ्या दिवशी गाडी परत आणली, दुकानामागच्या अंगणात सोडली, काडी पुढं धरून ठेवली आणि जॉयस्टिकला नेट पुरवणाऱ्या मोबाईलचं नेट दोन सेकंद बंद केलं. गाडी थांबली. मी काडी सोडली. नेट चालू केलं. हात माझ्या मांडीवर होते आणि गाडी माझ्यासमोरून निघाली, भिंतीकडं. मी पाय लावून अडवली तिला.

दुरुस्ती दोन दिवसांत झाली. लाज वाटावी इतकी सोपी. गाडी दर क्षणाला स्वतःच्या घड्याळातली वेळ चित्रासोबत दुकानाकडं पाठवते. जॉयस्टिकचा प्रत्येक हुकूम तीच वेळ सोबत घेऊन परत जातो. गाडी बघते, हा हुकूम माझ्या कुठल्या वेळचं चित्र बघून दिलाय? जास्त जुना असेल तर फेकून दे. पोच नको, परत पाठवणं नको, रांग नको. सगळ्यांत नवा तेवढा खरा. फक्त ताज्या हुकुमांनीच ब्रेक सुटतो. लाल बटण वेगळ्या वाटेनं, गाडी थांबल्याचं सांगेपर्यंत पुन्हा पुन्हा जातं. आणि चित्र अडलं तर पडदा काळा होतो, म्हणजे चालवणारा शिळ्या चित्रावर फसणार नाही. अंगणात मी नेट पन्नासदा तोडून पाहिलं. हात सोडल्यावर गाडी एकदाही हलली नाही.

मग जुन्या जालन्यात चाचांच्या घरी गेले. ते ओट्यावर बसून पितळी नोझलं चुन्यानं घासत होते. तीस वर्षांची नोझलं, परातीत ढीग. भंगारवाला संध्याकाळी येणार होता. मला बघून उठले, आतून खुर्ची आणवली, "बसा म्याडम" म्हणाले.

मी उभीच राहिले. "चाचा, चूक माझी होती. तुम्ही बटण आधी दाबलं होतं. गाडीनंच उशिरा ऐकलं."

त्यांनी नोझल परातीत ठेवलं. "म्या तेच सांगून राह्यलो होतो."

"हो."

"मंग आता कसं पटलं?"

हा प्रश्न येणार हे रस्ताभर माझ्या डोक्यात होतं. खोटं बोलता आलं असतं. अंगणात करून पाहिलं म्हणून कळलं, एवढंच सांगितलं असतं तरी चाललं असतं. पण बागवाल्यांना पटवायला तो व्हिडिओच दाखवावा लागणार होता, आणि तो कुणी काढला हे चाचांना कळणारच होतं. "मी फळीवर मोबाईल लपवून ठेवला होता. तुमच्या हातांवर. त्यात दिसलं."

चाचांनी परातीतलं नोझल परत उचललं. मग म्हणाले, "अच्छा किया. न्हाईतर मी मरेपर्यंत झूठाच राह्यलो असतो." आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

बागवाल्यांना मी व्हिडिओ दाखवला आणि त्यांच्यासमोर चाचांची माफी मागितली. चाचा म्हणाले, "जाने दो." नवा फिल्टर मी बसवून दिला. परत तीन दिवस पाणी भरून गाडी चालवली. सालगडी लांब बांधावर उभा राहून बघत होता, तिसऱ्या दिवशी तोही जवळ आला. नेटवर्क अडलं की गाडी थांबायची, पडदा काळा व्हायचा, मग चित्र यायचं आणि चाचांनी नव्यानं काडी ढकलेपर्यंत गाडी तिथंच उभी. बागवाल्यांनी हंगाम चाचांना दिला. नोझलं भंगारात गेली नव्हती. गाडीच्या नळ्यांना त्यातलीच बसवली.

आता हंगाम अर्धा झालाय. चाचा रोज सकाळी वेळेवर येतात, चहा घेतात, काडी धरतात. बागेतल्या एकाही झाडाला ओरखडा नाही. फळीवरचा मोबाईल मी धडकेच्या दिवशीच काढला होता, ते कामावर परत आले तेव्हा फळीही रिकामी केली, त्यांना उठवून हात लावून दाखवलं की बघा, इथं काही नाही. त्यांनी मान हलवली.

पण ओळ संपली, गाडी थांबली की ते अजून दोन्ही हात वर उचलतात. तळहात मागं, त्या रिकाम्या फळीकडं वळवून. एका दिवसात ऐंशी-नव्वद ओळी. मी कितीदा म्हटलं, चाचा नका हो असं करू, कुणी बघत नाही. ते ऐकत नाहीत.

"दिसले ना म्याडम?"

"दिसले चाचा," मी म्हणते. मग ते हात खाली घेतात आणि पुढची ओळ धरतात.